नकाराची तारीख

शासकीय सेवेत शिक्षा म्हणून जे भोगावे लागते ते सगळेच शिक्षेच्या नियमांत लिहिलेले नसते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा नमूद आहेत, आणि त्या देण्यापूर्वी कर्मचाऱ्याला आरोप कळवणे, त्याचे म्हणणे ऐकणे आणि गंभीर प्रकरणांत रीतसर चौकशी करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. परंतु रजेच्या अर्जावर ‘नामंजूर’ असा शेरा मारण्यासाठी किंवा महिन्याच्या पाळीपत्रकात एकाच नावापुढे रात्रपाळी वाढवण्यासाठी यातले काहीही करावे लागत नाही. कागदावर ती शिक्षा नसते, म्हणून तिच्याविरुद्ध अपील नसते, आणि ज्याला ती भोगावी लागते त्याच्याकडे ‘हे मुद्दाम चालले आहे’ या खात्रीशिवाय सुरुवातीला काहीच नसते.

या प्रकाराला आव्हान देणे अवघड का जाते, हे आधी समजून घ्यावे लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि लोकसेवेची निकड असेल तेव्हा सक्षम अधिकारी, म्हणजे रजा मंजूर करण्याचा अधिकार ज्याला दिलेला आहे तो अधिकारी, ती नाकारू शकतो. पाळी कोणाला कोणती द्यावी हाही कार्यालयप्रमुखाच्या अखत्यारीतला विषय आहे. म्हणजे ज्या कृतीविषयी तक्रार आहे ती कृती वरकरणी पूर्णपणे अधिकारातली असते. ती बेकायदा ठरते ती केवळ तिच्यामागच्या हेतूमुळे, आणि हेतू तर अधिकाऱ्याच्या मनात असतो. तो कोणी लिहून देत नाही. तो सिद्ध होऊ शकतो तो घटनांच्या क्रमातून, दिलेल्या कारणांच्या खरेखोटेपणातून आणि इतरांना मिळालेल्या वागणुकीतून, आणि या तिन्ही गोष्टी तारखांवाचून उभ्या राहत नाहीत.

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या खोऱ्यात वसलेल्या नामपूर येथे राहणाऱ्या एका अधिपरिचारिकेचा, म्हणजे स्टाफ नर्सचा, अनुभव या दृष्टीने तपशिलात पाहण्याजोगा आहे. ती कसमादे पट्ट्यातील, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या भागातील, एका शासकीय रुग्णालयात नेमणुकीस होती. रुग्णालयाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, कारण येथे महत्त्व आहे ते कागद कसे तयार झाले आणि त्यांतून काय सिद्ध झाले याला.

तालुका पातळीवरच्या लहान रुग्णालयात परिचारिकांच्या तीन पाळ्या असतात: सकाळी आठ ते दुपारी दोन, दुपारी दोन ते रात्री आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. रात्रपाळी बारा तासांची असते आणि त्या वेळी बहुधा एकच परिचारिका कामावर असते. बाळंतपण, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात यांपैकी जे येईल ते, कॉलवरचे डॉक्टर पोहोचेपर्यंत, तिला एकटीला सांभाळावे लागते. पाळीपत्रक परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, तयार करते, वैद्यकीय अधीक्षक त्यावर सही करतात आणि महिना सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी ते फलकावर लागते. या रुग्णालयात सात अधिपरिचारिका होत्या. ऑगस्ट २०२३ ते जानेवारी २०२४ या सहा महिन्यांच्या १८४ रात्री सात जणींत सारख्या वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २६ येतात, आणि या परिचारिकेने त्या काळात २६ रात्रपाळ्याच केल्या होत्या. हा आकडा पुढे सर्वांत उपयोगी ठरला, कारण ‘वाढ झाली’ असे म्हणण्यापूर्वी नेहमीचे प्रमाण काय होते हे दाखवावे लागते, आणि तक्रारदार बहुधा तेच दाखवायचे विसरतात.

१८ जानेवारी २०२४ रोजी तिने वैद्यकीय अधीक्षकांना एका पानाचे पत्र दिले. औषधसाठा नोंदवहीत लिहिलेली शिल्लक आणि कपाटातली प्रत्यक्ष शिल्लक यांत दोन इंजेक्शनांच्या बाबतीत फरक असल्याने वहीवर सही करता येणार नाही, साठ्याची पुन्हा मोजणी व्हावी, एवढाच त्यातला मजकूर होता. कोणावर आरोप नव्हता. पत्र तिने आवक-जावक कारकुनाकडे देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का घेतला. दुसऱ्या दिवशी, १९ जानेवारीला, मूळ पत्रावर अधीक्षकांनी ‘पाहिले’ असा शेरा मारून आद्याक्षरी केली होती, हे तिला तेव्हा माहीत नव्हते. ते पुढे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या प्रतीवरून कळले. ही आद्याक्षरी क्षुल्लक वाटते, परंतु सूडाचा आरोप करणाऱ्याला पहिली गोष्ट हीच सिद्ध करावी लागते की ज्या कृतीचा सूड घेतला गेला म्हणतात ती कृती त्या अधिकाऱ्याला आधी माहीत होती. माहितीच नसेल तर सूडाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि चौकशीत सर्वांत आधी येणारे उत्तर ‘असे पत्र माझ्यापर्यंत आलेच नाही’ हेच असते.

३० जानेवारीला फेब्रुवारीचे पाळीपत्रक लागले. त्यात तिच्या नावापुढे नऊ रात्रपाळ्या होत्या. एक परिचारिका गरोदर असल्याने तिला त्या महिन्यापासून रात्रपाळीतून वगळले होते, आणि उरलेल्या पाच जणींना प्रत्येकी चार रात्री होत्या. फलकावरच्या पत्रकाचा तिने मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो काढण्याची सवय तिला आधीपासून होती, कारण पाळ्या बदलल्या की घरचे वेळापत्रक बदलावे लागे.

५ फेब्रुवारीला तिने पहिला अर्ज दिला. त्यात ‘छळ’, ‘सूड’, ‘आकस’ यांपैकी एकही शब्द नव्हता. फेब्रुवारीत आपल्याला नऊ आणि इतर पाच जणींना प्रत्येकी चार रात्रपाळ्या आहेत, ही विभागणी कोणत्या निकषावर केली ते कळावे आणि पुढील महिन्यात समान फेरपाळी व्हावी, अशी विनंती होती. अर्ज असा लिहिण्याचा सल्ला तिला सेवानिवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ परिसेविकेने दिला होता आणि त्यामागचा विचार फार पक्का होता. पहिल्याच कागदात हेतूचा आरोप केला की समोरचा अधिकारी आरोपाला उत्तर देतो, वस्तुस्थितीला देत नाही, आणि कर्मचारी भांडखोर आहे अशी टिपणी नस्तीत, म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइलमध्ये, आधी जाऊन बसते. उलट साधा प्रश्न विचारला तर त्याला दोनच उत्तरे संभवतात: एकतर कारण द्यावे लागते, जे पुढे तपासता येते, किंवा गप्प बसावे लागते, आणि मग ज्याचे उत्तर देणे सोपे होते त्या प्रश्नाचेही उत्तर दिले गेले नाही याची तारखेसह नोंद होते. या अर्जाला उत्तर आले नाही. मार्चच्या पत्रकात तिच्या रात्री दहा झाल्या आणि एप्रिलमध्येही दहाच राहिल्या.

दरम्यान २६ फेब्रुवारीला तिने सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी १८ ते २७ मार्च अशी दहा दिवसांची अर्जित रजा मागितली. अर्जित रजा म्हणजे केलेल्या सेवेच्या बदल्यात खात्यावर जमा होणारी रजा; राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर ती १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी पंधरा दिवस अशी जमा होते. तिच्या खात्यावर पुरेशी रजा शिल्लक होती आणि तो आकडा तिने अर्जातच लिहिला होता. १२ मार्चला लेखी उत्तर आले: उपलब्ध परिचारिकांची संख्या अपुरी असल्याने व रुग्णसेवेची निकड लक्षात घेता रजा मंजूर करता येत नाही.

हे उत्तर वाचून कोणालाही राग येईल, परंतु पुराव्याच्या दृष्टीने लेखी नकार मिळणे ही तिच्या बाजूची पहिली मोठी गोष्ट होती, कारण त्या नकाराने कारण एका ठिकाणी खिळवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या निकालात असा नियम सांगितला आहे की सार्वजनिक अधिकाऱ्याने कायदेशीर अधिकार वापरून काढलेल्या आदेशाची वैधता त्या आदेशात दिलेल्या कारणांवरूनच ठरते. पुढे शपथपत्रात किंवा खुलाशात नवी कारणे जोडून तो आदेश सावरता येत नाही. त्यामुळे १२ मार्चच्या पत्रातले ‘संख्या अपुरी’ हेच कारण आता खरे की खोटे हे तपासायचे होते, आणि ते तपासण्याचे साधन त्याच रुग्णालयाच्या रजा नोंदवहीत होते.

१३ मार्चला तिने प्रत्युत्तर दिले. त्यात तिने नकाराला विरोध केला नाही. १८ मार्चपासून अडचण असेल तर १ ते १० एप्रिल ही तारीख चालेल का, तीही चालत नसेल तर कोणता कालावधी सोयीचा आहे ते कार्यालयानेच कळवावे, असे लिहिले. अशा पत्राचे मोल लक्षात यायला वेळ लागतो. अडचण खरोखर मनुष्यबळाची असेल तर पर्यायी तारीख सुचवणे कार्यालयाला सहज शक्य असते. एकाही तारखेला ‘हो’ न म्हणणे हे अडचण तारखेत नसून अर्जदारात आहे याकडे बोट दाखवते. या टप्प्यावर अनेक कर्मचारी दोन चुका करतात आणि दोन्ही महागात पडतात. कोणी नकार मिळूनही निघून जातो, मग प्रकरण आकसाचे न राहता अनधिकृत गैरहजेरीचे होते. कोणी ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचा दाखला आणतो, आणि तो दाखला खोटा ठरला की आधीच्या सगळ्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही उडतो. तिने यांतले काही केले नाही. सासूबाईंची शस्त्रक्रिया घरच्या इतरांनी निभावली आणि ती १८ मार्चच्या रात्री कामावर हजर होती, हे मस्टरवर आहे.

२२ मार्चला तिला अधीक्षकांच्या दालनात बोलावले गेले. तेथे तिला तोंडी सांगण्यात आले की जानेवारीतले पत्र आधी मागे घ्यावे, मग रजेचे आणि पाळ्यांचे पाहता येईल. हेतू थेट प्रकट करणारे हे एकमेव वाक्य होते, आणि ते ऐकायला तिसरे कोणी नव्हते. तोंडी वाक्याचा पुरावा करण्याची कार्यालयीन जगात एकच विश्वासार्ह रीत आहे: त्याच दिवशी ते वाक्य लिहून ज्याने उच्चारले त्यालाच पाठवणे. तिने त्या दुपारी पत्र लिहिले, ‘आज सकाळी आपण दालनात मला असे सांगितले’ म्हणून ते वाक्य जसे आठवत होते तसे नोंदवले, आणि ‘माझ्या समजुतीत चूक असल्यास कृपया लेखी कळवावे’ असा शेवट केला. कारकुनाने ते पत्र आवक करून घेण्यास नकार दिला, तेव्हा ते तिने नामपूरच्या टपाल कार्यालयातून पोचपावतीसह रजिस्टर केले. पोचपावती सही-शिक्क्यासह परत आली. पत्राचे खंडन कधीच आले नाही. अशा पत्राने समोरचा माणूस तसे बोललाच होता हे निर्विवाद सिद्ध होत नाही, कारण ते एका बाजूचे कथन असते. परंतु वाद सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, त्याच दिवशी लिहिलेले आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हाती पोहोचलेले असल्यामुळे ते नंतर रचले असे म्हणता येत नाही, आणि खंडनाची संधी देऊनही खंडन झाले नाही याला स्वतंत्र वजन असते.

यानंतरचे काम तुलनेचे होते. १० एप्रिलला तिने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. या कायद्यात माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. तिने ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२४ ची सही केलेली पाळीपत्रके, जानेवारीतल्या तिच्या पत्राची शेऱ्यांसह प्रत, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात परिचारिकांनी मागितलेल्या रजांच्या अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख व कालावधी एवढीच माहिती मागितली. सहकाऱ्यांच्या रजेची कारणे तिने मागितली नाहीत, आणि ते शहाणपणाचे होते. दुसऱ्याचे आजारपण किंवा घरगुती कारण ही वैयक्तिक माहिती असल्याने ती मागितली तर त्या निमित्ताने संपूर्ण अर्जच नाकारला जाण्याचा धोका असतो, आणि शिवाय ज्या सहकाऱ्यांशी रोज काम करायचे त्यांच्या घरात डोकावण्याचे कारणही नव्हते.

८ मे रोजी कागद मिळाले आणि त्यांत दोन गोष्टी निघाल्या. एका सहकारी परिचारिकेने ४ मार्चला रजेचा अर्ज केला होता आणि तिला १६ ते २५ मार्च अशी दहा दिवसांची रजा ११ मार्चला मंजूर झाली होती. म्हणजे नामपूरच्या परिचारिकेने सात दिवस आधी अर्ज करूनही, जवळजवळ त्याच कालावधीसाठी, नंतर अर्ज करणारीला होकार आणि दुसऱ्याच दिवशी हिला ‘संख्या अपुरी’ म्हणून नकार मिळाला होता. हा पुरावा जितका मोठा वाटतो तितका मात्र तो एकट्याने ठरत नाही. एक परिचारिका रजेवर जाणार म्हणूनच दुसरीला थांबवले, असे उत्तर देता येते आणि ते अगदी अवास्तव नाही. दोघींपैकी आधी अर्ज करणारीला का डावलले, एवढाच प्रश्न त्यातून शिल्लक राहतो. दुसरी गोष्ट अधिक जड होती. फेब्रुवारीच्या पाळीपत्रकाची कार्यालयीन प्रत परिसेविकेच्या अक्षरात होती, आणि नामपूरच्या परिचारिकेच्या नावाच्या ओळीत पाच ठिकाणी दिवसपाळी खोडून वेगळ्या शाईने रात्रपाळी लिहून त्याखाली अधीक्षकांची आद्याक्षरी होती. म्हणजे परिसेविकेने तिला चारच रात्री दिल्या होत्या. नऊ झाल्या त्या सहीच्या वेळी.

१५ मे रोजी तिने जिल्हा शल्य चिकित्सकांकडे निवेदन दिले. निवेदनासोबत एक तक्ता होता आणि त्याला फक्त चार रकाने होते: तारीख, काय घडले, कोणत्या कागदावरून ते दिसते, आणि तो कागद कोणत्या पानावर आहे. तक्त्यात मत, विशेषण किंवा निष्कर्ष नव्हता. आकड्यांच्या बाबतीतही तिने स्वतःविरुद्ध जाणारी बाब आधी मांडली. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांच्या ९० रात्री सात जणींत वाटल्या तर प्रत्येकीला १३ येतात, आणि तिने २९ केल्या. परंतु गरोदर सहकारिणीला योग्य कारणाने वगळले असल्यामुळे खरा भागाकार सहाने करायला हवा, तो १५ येतो, असे तिने स्वतःच लिहिले. उरलेल्या पाच जणींच्या वाट्याला मिळून ६१ रात्री, म्हणजे सरासरी १२ आल्या. प्रतिपक्षाचे सर्वांत चांगले उत्तर आधीच हिशेबात धरूनही फरक दुपटीच्या आसपास राहिला, त्यामुळे त्या उत्तरासाठी जागा उरली नाही.

१२ जूनला अधीक्षकांचा खुलासा वरिष्ठांकडे गेला आणि त्याची प्रत तिला मिळाली. त्यात रजा नाकारण्याचे कारण बदललेले होते: लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे मार्चमध्ये कर्मचाऱ्यांना रजा देता येत नव्हती, असे म्हटले होते. बागलाण विधानसभा क्षेत्र धुळे लोकसभा मतदारसंघात येते आणि तेथे २० मे २०२४ रोजी मतदान झाले, म्हणून हे कारण प्रथमदर्शनी पटण्याजोगे होते. परंतु निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला आणि आचारसंहिता लागू झाली ती १६ मार्च २०२४ रोजी, आणि नकाराच्या पत्रावर तारीख १२ मार्चची होती. जी आचारसंहिता अजून लागू व्हायची होती तिच्या नावावर रजा नाकारता येत नाही. शिवाय ११ मार्चला मंजूर झालेली सहकारिणीची रजा १६ मार्चला सुरू होऊन आचारसंहितेच्या काळात सुरळीत पार पडली होती. हेतूच्या प्रकरणांत बदलते कारण हा फार बोलका पुरावा असतो. एकच कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगणारा अधिकारी चुकलेला असू शकतो, पण खरा असतो. दर नव्या पत्राबरोबर नवे कारण येऊ लागले की आधीचे खरे नव्हते असेच मानावे लागते.

न्यायालये याकडे कसे पाहतात हेही येथे सांगायला हवे. ई. पी. रोयप्पा विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९७४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुष्ट हेतूचा आरोप करणे सोपे असते, पण तो सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो आणि तो फार जड असतो. ज्या अधिकाऱ्याच्या मनातल्या आकसाचा आरोप आहे त्याला व्यक्तिशः नावाने पक्षकार करावे लागते, म्हणजे त्याला उत्तर देण्याची संधी मिळते. केवळ ‘शासन’ प्रतिवादी करून एखाद्या व्यक्तीवर आकसाचा ठपका ठेवता येत नाही. मात्र २००९ च्या सोमेश तिवारी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात त्याच न्यायालयाने एक उपयुक्त भेद स्पष्ट केला. वैयक्तिक वैर म्हणजे वस्तुस्थितीतला दुष्ट हेतू. पण ज्या कारणासाठी अधिकार दिलेला आहे ते कारण बाजूला ठेवून भलत्याच आधारावर तो वापरणे हा कायद्याच्या दृष्टीने दुष्ट हेतू, आणि तो दाखवायला वैर सिद्ध करावे लागत नाही. ते प्रकरण निनावी तक्रारीवरून झालेल्या बदलीचे होते, आणि शिक्षेऐवजी केलेली बदली टिकू शकत नाही असे न्यायालयाने ठरवले. रात्रपाळीलाही हेच तर्कशास्त्र लागू पडते. अधीक्षकांना तिचा राग होता की नव्हता या अंधाऱ्या प्रश्नात शिरण्याऐवजी, फेरपाळीचा अधिकार रुग्णसेवेसाठी वापरला गेला की साठ्याच्या पत्राला उत्तर म्हणून, एवढेच विचारता येते, आणि याचे उत्तर खाडाखोडीच्या शाईत सापडते.

मुदतींचा विचारही तारखांपासून वेगळा नाही. शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी वरिष्ठांकडे दाद मागून पाहावी लागते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ नुसार निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर न्यायाधिकरणाची वाट मोकळी होते आणि त्यानंतर एका वर्षात अर्ज करावा लागतो. म्हणून निवेदनाच्या पोचेवरची तारीख हा केवळ पुरावा नसतो, ती मुदतीची सुरुवात असते. खासगी कारखान्यातल्या कामगाराची वाट निराळी होती. त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम होता, ज्यात एका गटाला पक्षपाताने वागवणे ही अनुचित प्रथा मानली होती आणि घटना घडल्यापासून नव्वद दिवसांत औद्योगिक न्यायालयात तक्रार करावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असल्याने आज तक्रार करणाऱ्याने मुदत आणि मंच आधी वकिलाकडून तपासून घ्यावेत. जुन्या केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नमुन्यात, मात्र एक तरतूद अशी होती की जिच्याकडे कामगारांनी फारसे लक्ष दिले नाही: रजा नाकारली किंवा पुढे ढकलली तर ती बाब कारणासह नोंदवहीत लिहावी आणि कामगाराने मागितल्यास त्या नोंदीची प्रत त्याला द्यावी. ‘साहेबांनी नाही म्हटले’ एवढ्यावर थांबण्याऐवजी त्या नोंदीची प्रत मागितली असती तर कित्येक प्रकरणे पहिल्याच पायरीवर निकाली निघाली असती, असे या क्षेत्रातले अनुभवी लोक सांगतात आणि ते बरोबर आहे.

छायाचित्रांबद्दल एक खबरदारी आवश्यक आहे. फलकावरच्या पत्रकाचे मोबाइलमधले फोटो न्यायासनासमोर दाखल करायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ पुसून टाकला तर त्याची तारीख दाखवणारी माहिती त्यासोबत नाहीशी होते. मूळ फोटो त्याच मोबाइलमध्ये राहू देणे आणि कार्यालयीन प्रत माहितीच्या अधिकारात मिळवणे हाच अधिक भक्कम मार्ग आहे. या प्रकरणात फोटो आणि कार्यालयीन प्रत जुळल्या, त्यामुळे पत्रक नंतर बदलले गेले नाही हेही दिसून आले.

प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले नाही. जिल्हा शल्य चिकित्सकांनी दोन्ही बाजूंचे कागद पाहून जूनअखेर आदेश दिला की यापुढे पाळीपत्रक फेरपाळीच्या क्रमानेच तयार व्हावे, परिसेविकेने तयार केलेल्या पत्रकात बदल करायचा असेल तर त्याचे कारण त्याच पानावर लिहावे, आणि रजेच्या अर्जांवर क्रमाने निर्णय घ्यावा. जुलैत तिच्या रात्रपाळ्या पुन्हा इतरांइतक्या झाल्या आणि त्याच महिन्यात तिला दहा दिवसांची अर्जित रजा मिळाली. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत जास्तीच्या केलेल्या रात्रींची कोणतीही भरपाई झाली नाही, आणि आदेशात हेतूबद्दल एक शब्दही नव्हता. ज्या कागदांनी हेतू दाखवला त्यांच्यावर निर्णय झाला, पण हेतूचे नाव कोणी घेतले नाही. औषधसाठ्याची फेरमोजणी मात्र ऑगस्टमध्ये झाली आणि नोंदवहीतली शिल्लक दुरुस्त करून त्यावर दोन परिचारिकांच्या सह्या घेण्यात आल्या, त्यांपैकी एक सही तिची आहे.